बारा टक्के म्हणून घेतलेलं कर्ज साडेएकवीस टक्क्यांचं निघालं

मागच्या वर्षी पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी मला एक लाख रुपये पाहिजे होते. दारव्ह्याच्या बँकेनं १६ टक्के व्याज सांगितलं. चार दिवसांनी एका खासगी फायनान्स कंपनीचा एजंट घरी आला. "भाऊ, आमच्याइथं बाराच टक्के. शेकडा एक रुपया महिना समजा." मी बँक सोडली अन् त्याच्याकडून घेतलं. २४ महिने, हप्ता ५,१६७.

शेकडा म्हटलं की आपल्या डोक्यात गावातला हिशेब येतो. कापूस विकून अर्धं मुद्दल परत केलं की पुढचं व्याज उरलेल्या अर्ध्यावरच. एजंटचे बारा टक्के तसे नव्हते, ते 'फ्लॅट' होते. पूर्ण लाखावर दोन वर्षांचं २४,००० व्याज पहिल्याच दिवशी जोडलं अन् १,२४,००० ला २४ नं भागलं. हा शब्द त्यानं एकदाही काढला नाही.

दिवाळीत माझ्या साळ्यानं कागद पाहिले. तो पतसंस्थेत कारकून आहे. त्यानं विचारलं, "भाऊजी, शेवटच्या महिन्यात तुमच्याकडं मुद्दल किती राहते?" हिशेब केला, ४,१६७. "अन् त्या महिन्यात व्याज किती भरसाल?" एक हजार! चार हजारांवर महिन्याला हजार रुपये व्याज. माझा घासच अडकला.

मग त्यानं मोबाइलवर एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=RATE(24,-5167,100000)*12
```

उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर वर्षाचा दर आला साधारण २१.६ टक्के. बँकेचे १६ टक्के असेच, घटत्या शिलकीवर होते. तिथं हप्ता ४,८९६ पडला असता अन् दोन वर्षांचं व्याज १७,५०० च्या आसपास. मी 'स्वस्त' म्हणून साडेसहा हजार जास्त भरतोय. त्यात प्रोसेसिंग फी दोन टक्के अन् तिच्यावर जीएसटी, मिळून २,३६० आधीच कापले. हातात ९७,६४० आले. ते धरलं तर दर २४ च्या वर जातो.

सगळ्यात जास्त जीव याचा जळतो की खरा आकडा कागदात होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, अशा कर्जासोबत त्यांना केएफएस नावाचा कागद द्यावा लागतो, अन् तोही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे फीसकट पडणारा वर्षाचा खरा दर. माझ्या गठ्ठ्यात तो इंग्रजीत, मधल्या पानावर होता. एजंट नुसता बोट ठेवत गेला, मी सह्या करत गेलो.

गेल्या आठवड्यात तोच एजंट शेजारच्या वावरवाल्या भाऊकडं आला होता. मी उठून तिथं गेलो अन् म्हटलं, आधी मराठीतला केएफएस दाखवा, एपीआर किती ते वाचा. तो म्हणाला, उद्या आणतो. अजून आला नाही.