हार्मोन नको, मग काय? वेन्लाफॅक्सिन आणि अ‍ॅलेन्ड्रोनेटचे माझे नऊ महिने

वय ५४, राहणार मालवणजवळ. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर वाढणारी होती, म्हणून पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी देतात त्या हार्मोनच्या गोळ्या मला कायमच्या बंद. उलट अंगात उरलंसुरलं इस्ट्रोजेनही बनू नये म्हणून गेल्या दिवाळीपासून रोज लेट्रोझोल चालू आहे. त्याने दोन गोष्टी एकदम झाल्या. अंगातून वाफा निघू लागल्या आणि हाडं झपाट्याने झिजू लागली. वाफा कळतात, हाडांचं काही कळत नाही. म्हणून आधी मी वाफांच्याच मागे लागले आणि तिथेच चुकले.

जानेवारीत डॉक्टरांनी रात्री झोपताना गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम दिलं. रात्रीच्या घामाला ते खरंच चांगलं. तिसऱ्या दिवसापासून उशी भिजायची थांबली. पण आमचं न्हाणीघर मागच्या पडवीपलीकडे, चिऱ्याच्या चार पायऱ्या उतरून. एका पहाटे उठले, डोकं गरगरलं आणि तिसऱ्या पायरीवरून खाली बसले. मोडलं काही नाही, पण मांडी आठ दिवस काळीनिळी होती. त्याच आठवड्यात कोल्हापूरला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली होती, त्याचा रिपोर्ट आला: मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६, खुब्याचा उणे १.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं म्हणतात. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "तुमची हाडं अशी असताना चक्कर आणणारी गोळी मी चालू ठेवणार नाही." मला हे आधी कोणी सांगायला हवं होतं. वाफांची गोळी निवडताना हाडांचा रिपोर्ट समोर हवा. गॅबापेंटिन वाईट नाही. माझ्या घराला आणि माझ्या हाडांना ते चालत नव्हतं, एवढंच.

मग वेन्लाफॅक्सिन, हळूहळू विरघळणारी कॅप्सूल. पहिला आठवडा ३७.५ मिलिग्रॅम, नंतर ७५. ही मुळात नैराश्याची गोळी. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा असते. इस्ट्रोजेन कमी झालं की ती थोड्याशा उष्णतेनेही दचकते आणि अंगाला घाम फोडते. तिथल्या रसायनांवर या गोळीचा परिणाम होत असावा, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळीचं नाव ऐकून शेजारच्या काकी म्हणाल्या, "डोक्याची गोळी कित्याक गो खातंस?" नवऱ्यालाही आवडलं नव्हतं. मी त्याला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं, तेव्हा विषय मिटला.

गोळी सुरू करण्याआधी सात दिवस कॅलेंडरवर प्रत्येक वाफेला एक रेघ मारली. सरासरी दिवसाला १२, त्यातल्या ४ रात्री. पहिले पाच-सहा दिवस मळमळ फार झाली. पेजेबरोबर गोळी घेऊ लागले तशी ती कमी झाली. चौथ्या आठवड्यात रेघा ५ वर आल्या, रात्री १. आजही तेवढ्याच आहेत. पूर्ण थांबत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. मे महिन्यात लाइट गेली की अजूनही मी पडवीत ओला टॉवेल मानेवर घेऊन बसते. पण सलग पाच तास झोप मिळते. या गोळीनेही काहींना चक्कर येते आणि रक्तदाब वाढू शकतो. म्हणून डोस वाढवल्यावर माझा दाब आडवं पडून आणि उभं राहून, असा दोन्ही वेळा मोजला. ठीक निघाला.

चूक माझी झाली ती गणपतीत. घरात पंधरा माणसं, गोळ्या संपल्याचं लक्षात आलं चतुर्थीला. आमच्या मेडिकलमध्ये ही कॅप्सूल नसते, कुडाळहून मागवावी लागते. दोन दिवस गेले. दुसऱ्या संध्याकाळी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. आरतीला उभी राहू शकले नाही, विनाकारण रडू येत होतं. मला वाटलं रोग डोक्यात गेला. गोळी परत सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं थांबलं. ही गोळी एकदम सोडायची नसते, बंद करायची झाली तरी डोस उतरवत बंद करतात.

ज्या मैत्रिणी लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेनवर आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. नैराश्याच्याच दुसऱ्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमॉक्सिफेनला यकृतात कामाचं रूप घेऊ देत नाहीत. दुसरा डॉक्टर झोपेसाठी किंवा मनासाठी गोळी देत असेल तर टॅमॉक्सिफेनचं पाकीट त्याच्यासमोर ठेवा. आणि मला प्रेमाने आणून दिलेला शतावरी कल्प आणि सोयाची पावडर दोन्ही मी परत केली. डॉक्टरांना त्यात इस्ट्रोजेनसारखं काही असण्याची शंका होती.

आता हाडं. गोळी लगेच मिळाली नाही. आधी ड जीवनसत्त्व तपासलं तर कमी, १४ निघालं. आयुष्यभर उन्हात सुकी मासळी वाळवणाऱ्या बाईचं! आठ आठवडे दर आठवड्याला ६० हजार युनिटचं एक सॅशे घेतलं. हलणारी दाढ त्याच काळात काढून घेतली, कारण हाडांच्या या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मग एप्रिलपासून हाडांची झीज रोखणारं अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्याला एक.

या गोळीचा सगळा खेळ सकाळच्या अर्ध्या तासात आहे. रविवारी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही. अन्न किंवा कॅल्शियम आधी पोटात असेल तर ती अंगात जवळपास शिरतच नाही. पहिले तीन रविवार मी चहाबरोबर घेतली, म्हणजे ती वायाच गेली. मेमध्ये एकदा पाच वाजता घेऊन परत आडवी झाले. दुपारपर्यंत छातीच्या मधोमध अशी जळजळ, की घास गिळताना डोळ्यांत पाणी. गोळी अन्ननलिकेला चिकटून तिथे जखम करू शकते. तेव्हापासून गोळी घेतली की अर्धा तास अंगण झाडते, आडवं होत नाही. परत जळजळ झाली असती तर गोळी थांबवून वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, असं ठरलं होतं. ज्यांना आधीपासून गिळायला त्रास आहे, त्यांनी तोच पर्याय विचारावा. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी मी दुपारच्या जेवणाबरोबर घेते, शिवाय नाचणीची भाकरी आणि काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी असते.

गोळी लागू पडते का, हे अंगाला कळत नाही. डेक्सा इतक्या लवकर परत करून उपयोग नाही, कारण एवढ्या दिवसांतला फरक मशीनच्या चुकीत हरवतो. म्हणून सीटीएक्स ही रक्ततपासणी सकाळी उपाशीपोटी दोनदा केली. हाड झिजण्याचा वेग त्यातून कळतो. एप्रिलमध्ये ४८० होतं, ऑक्टोबरमध्ये १९०. मी रविवार नीट पाळतेय, याचा तो पुरावा.

दुसरा डेक्सा जानेवारीत, त्याच कोल्हापूरच्या मशीनवर, कारण दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. न्हाणीकडच्या पायऱ्यांना नवऱ्याने पावसाआधी लोखंडी कठडा बसवला आहे आणि शेवाळ मी दर पंधरा दिवसांनी खरवडून काढते.