समरी शेवटी एकदम की प्रत्येक उत्तरानंतर?

क्लायंटला सॉफ्टवेअरमध्ये काय हवंय हे बॉट चॅटमध्ये विचारून घेतो, त्याची समरी काढायच्या दोन पद्धती आहेत. चॅट संपल्यावर अख्खं संभाषण AI मॉडेलला देऊन रिक्वायरमेंट समरी काढणं सोपंय, एकाच कॉलमध्ये काम होतं, पण क्लायंट आधी म्हणतो "लॉगिन नको" आणि वीस मेसेजनंतर "प्रत्येकाला फक्त आपल्याच ऑर्डर दिसायला हव्यात", मग समरीत दोन्ही वाक्यं तशीच येतात किंवा एक गुपचूप गायब होतं, आणि विचारायला क्लायंट तिथे नसतो.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक उत्तरानंतर ठरलेला फॉर्म अपडेट होतो. `login: false` आधीच भरलेलं असतं, म्हणून बॉट तिथल्या तिथे विचारू शकतो, "मग ऑर्डर कोणाची हे ओळखायचं कसं?" कॉल जास्त लागतात, थोडं स्लोही होतं. तरी मी हीच घेईन, फक्त प्रत्येक रिक्वायरमेंटला क्लायंटचं मूळ वाक्य जोडा, नाहीतर मॉडेलने मनाने घुसवलेलं काय ते कळतच नाही.