गोठ्यातले डास आणि माणसाला चावणारे डास: नमुने घेण्याच्या तीन पद्धती

ग्रामीण भारतातील हिवतापाचा प्रमुख वाहक असलेला ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस प्रामुख्याने गुरांचे रक्त पितो आणि दिवसा गोठ्यात किंवा घरात विसावतो, त्यामुळे त्याची गणना पद्धतीनुसार बदलते.

पहाटे टॉर्चच्या उजेडात भिंतीवरचे डास चूषकनळीने ओढून घेणे सर्वांत स्वस्त पडते. दोघांनी पंधरा मिनिटांत 12 माद्या पकडल्या, तर घनता प्रतिमाणूस-तास 24 येते. मात्र हा आकडा विसावलेल्या, बहुधा रक्त प्यालेल्या माद्यांचा असतो. फक्त गोठेच तपासले, तर माणसाचे रक्त पिणाऱ्यांचे प्रमाण हमखास कमी दिसते.

माणसाला रात्री किती डास चावतात, याचे थेट उत्तर उघड्या पायांवर बसणारे डास चावण्याआधीच टिपून मिळते. परंतु त्यात पकडणाऱ्याला संसर्गाचा धोका असतो, म्हणून नैतिक मंजुरी आणि प्रतिबंधक औषध आवश्यक ठरते. शिवाय पहाटे पेंगणाऱ्या माणसाची नोंद कितपत धरावी, हा प्रश्न उरतोच.

मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाशेजारी टांगलेला प्रकाश-सापळा हा धोका टाळतो. तरीही बॅटरी उतरून सापळ्यातला डास आत ओढणारा पंखा मंदावला की डास निसटतात आणि पंख्यातून गेलेल्यांचे खवले झडल्याने ओळख पटवणे अवघड होते. त्याचा आकडा चावण्याचा दर म्हणून वापरायचा असेल, तर आधी त्याच गावात दोन्ही पद्धती समांतर चालवून गुणोत्तर काढावे.