तयार प्रीसेट घ्यावा की इक्वलायझरच्या पट्ट्या स्वतः हलवाव्यात?

म्युझिक प्लेअरमधला इक्वलायझर उघडला की आवाज बदलायचे दोन मार्ग दिसतात. यादीतून ‘रॉक’, ‘जॅझ’, ‘क्लासिकल’ असं एखादं नाव निवडायचं, नाहीतर खालच्या उभ्या पट्ट्या बोटाने वरखाली करायच्या. बहुतेकजण नाव निवडतात, कारण गाण्याचा प्रकार आणि प्रीसेटचं नाव जुळलं की काम झालं असं वाटतं. माझं मत उलट आहे. दुरुस्ती लागते ती बहुधा गाण्याला नाही, इअरफोनला, आणि तुमच्या कानात कोणता इअरफोन आहे हे प्रीसेटला ठाऊक नसतं.

आधी प्रीसेटच्या आत काय असतं ते पाहू. अँड्रॉइडच्या मूळ इक्वलायझरमध्ये पाच पट्ट्या असतात: साधारण ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. ६० वर ढोलाचा आणि डग्ग्याचा धक्का, २३० वर आवाजाचा भरीवपणा, ९१० वर गळ्याचा आणि हार्मोनियमचा गाभा, ३६०० वर शब्दांची स्पष्टता आणि १४००० वर झांजांची चमक. मूळ ‘रॉक’मध्ये या पट्ट्या क्रमाने +५, +३, −१, +३, +५ डेसिबलवर असतात, म्हणजे दोन्ही टोकं वर आणि मधला भाग किंचित खाली. ‘क्लासिकल’ +५, +३, −२, +४, +४ आहे. फोन कंपन्या हे आकडे बदलतात, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर थोडा फरक दिसेल, पण घडण बऱ्याचदा हीच असते.

‘क्लासिकल’ नावाला भुलून ख्यालाला हाच प्रीसेट लावणारे पुष्कळ आहेत. पण ही घडण ऑर्केस्ट्रासारख्या भरगच्च वाद्यमेळाला शोभते. ख्यालात सगळा जीव गळ्यात, आणि नेमका तिथेच हा प्रीसेट दोन डेसिबल काढून घेतो. वर डग्गा पाच डेसिबलने चढतो. परिणाम असा की गायक तबल्याच्या मागे जाऊन बसल्यासारखा वाटतो आणि तानपुऱ्याची जवारी सूर न राहता नुसती सळसळ होते. यादीतूनच काही निवडायचं असेल तर ख्याल, अभंग, नाट्यगीत यांना ‘फोक’ जवळचा आहे: +३, ०, ०, +२, −१. तो फार ढवळाढवळ करत नाही, हाच त्याचा गुण.

आता इअरफोनकडे येऊ, कारण खरा फरक तिथे पडतो. बाजारात मिळणारे बरेचसे बिनवायरचे इअरबड मुळातच बेस वाढवून दिलेले असतात. दुकानात दोन मिनिटं ऐकताना तो ठसका आवडतो. त्यावर ‘रॉक’ लावलं की बेसवर बेस चढतो. इथे पट्टी स्वतः हलवण्याचा फायदा लगेच कळतो. सगळ्या पट्ट्या शून्यावर ठेवा, ओळखीचं एखादं भावगीत लावा आणि फक्त २३० ची पट्टी −४ पर्यंत खाली आणा. गुबगुबीतपणा जातो, शब्द पुढे येतात. मग हवं तर ३६०० ला +१ द्या. एवढ्यावर थांबलात तरी चालतं. अशा इअरबडला प्रीसेटच हवा असेल तर ‘पॉप’ करून पाहा: −१, +२, +५, +१, −२. नाव काहीही असो, तो मधला भाग वर काढतो, आणि बेसने दबलेल्या गळ्याला तेच हवं असतं.

रबरी टोपण नसलेल्या, कानाच्या पाळीत नुसत्या अडकणाऱ्या इअरफोनची तऱ्हा वेगळी. कान बंद होत नाही म्हणून बेस बाहेर निसटतो. अशा वेळी ६० ची पट्टी +८ वर नेली तरी धक्का मिळत नाही, इअरफोनमधला पडदा फडफडतो आणि ढोलकीचा ठोका फाटका येतो. ६० ला हात न लावता २३० ला +२ देणं बरं. भास पुरेसा होतो. आणि टोपणवाल्या इअरफोनमध्येही बेस कमी वाटला तर आधी मोठ्या मापाचं टोपण घालून पाहा. एका कानात बेस आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर टोपण नीट बसलेलं नाही अशीच शक्यता जास्त. कुठलाही प्रीसेट ते भरून काढणार नाही.

स्वस्त वायरवाल्या इअरफोनची तक्रार बहुधा ‘स’ आणि ‘श’ टोचतात अशी असते. हा टोचरेपणा साधारण ६ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये ३६०० आणि १४००० यांच्या मधोमध. शेजारची पट्टी खाली ओढली तर टोचणं थोडं कमी होतं, पण शब्दही मंद होतात. इथे पाच पट्ट्या अपुऱ्या पडतात. ८००० ची स्वतंत्र पट्टी देणारा दहा पट्ट्यांचा प्लेअर घेतला आणि तेवढीच −३ केली, की काम होतं. पट्ट्या जास्त असण्याचा उपयोग मला एवढाच वाटतो. बाकीच्या नऊ शून्यावर राहिल्या तरी बिघडत नाही.

लावणी, कोळीगीतांचे रिमिक्स, वरातीची गाणी यांना ‘डान्स’ किंवा ‘रॉक’ मजा आणतात, नाही असं नाही. फक्त ही गाणी बऱ्याचदा आवाजाच्या कमाल मर्यादेला टेकवूनच बनवलेली असतात. वर सहा डेसिबल चढवणं म्हणजे लाटेची उंची जवळजवळ दुप्पट करणं, आणि जागा नसली की तिचे शेंडे कापले जातात. हलगीचा कडकडाट चरचरीत होऊ लागला किंवा ठेक्याबरोबर गायकाचा आवाज दबू लागला, तर हेच झालेलं असतं. प्लेअरमध्ये प्रीअँपची, म्हणजे सगळा आवाज एकत्र कमीजास्त करणारी पट्टी असेल तर सगळ्यात उंच पट्टीइतकी ती खाली आणा. नसेल तर वाढवण्याऐवजी बाकीच्या पट्ट्या उतरवा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांना मात्र १४००० वर द्यायला काही नसतंच. तिथे पट्टी चढवली की फक्त खरखर वाढते, म्हणून ती −५ करा.

तुलना करताना एक फसगत टाळायला हवी. जो आवाज मोठा तो कानाला चांगला वाटतो, आणि बहुतेक प्रीसेट आवाज वाढवतातच. म्हणून गाण्याचा एकच तुकडा इक्वलायझर चालू-बंद करून ऐका, आणि चालू असताना व्हॉल्यूम एखादी पायरी उतरवा. तरीही चालू केलेलंच आवडलं, तर तो बदल खरा. शिवाय हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो. रात्री हळू आवाजात जुळवलेल्या पट्ट्या दिवसा मोठ्या आवाजात जड वाटणारच.

राहिला प्रश्न कुठे जुळवायचं याचा. इअरबडच्या स्वतःच्या अॅपमधली जुळवणी अनेकदा इअरबडमध्येच साठते आणि फोन बदलला तरी सोबत येते. प्लेअरमधली त्या प्लेअरपुरतीच, त्यामुळे दुसऱ्या अॅपवर गाणं लावलं की ती गायब. इअरफोनची खोड इअरबडच्या अॅपमध्ये काढा आणि गाण्याच्या प्रकारासाठी एखादी पट्टी प्लेअरमध्ये हलवा. दोन्हीकडे ‘बेस बूस्ट’ चालू राहिला तर +५ आणि +५ मिळून +१० होतात. आवाज अचानक घुमू लागला तर आधी हेच तपासा.