पडवीत बसून घेतलेली साडेचार हजारांची आंघोळ

आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या, देवगड तालुक्यातल्या. आमवाताने बोटं वाकडी झालीत, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस मात्र अजून लांब, आणि दर रविवारी न्हायचं म्हणजे न्हायचंच. गेल्या पावसाळ्यानंतर एक माणूस वाडीत फिरत आला. 'संधिवाताच्या आजींसाठी' म्हणून त्याच्याकडे एक संच होता: हवा भरून फुगवायचं घमेलं, एक स्टूल आणि 'वातहारी' शाम्पूची बाटली. किंमत साडेचार हजार.

त्याने प्रात्यक्षिक आमच्या पडवीतच केलं. बंबातलं कोमट पाणी मागितलं, आईंना आरामखुर्चीत बसवलं, मान मागे त्या घमेल्याच्या खाचेत टेकवली आणि हलक्या हातांनी डोकं चोळून धुतलं. आई डोळे मिटून म्हणाल्या, "बरा वाटता गो." तिथेच आम्ही फसलो. बरं वाटत होतं ते कोमट पाण्याने आणि दुसऱ्याच्या हातांनी. आईंना स्वतःचा हात एकदाही उचलावा लागला नव्हता, आणि त्याने उचलू दिलाही नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, "आता आईंना स्वतः करू दे." पैसे त्याच्या खासगी नंबरवर गेले. पावती 'नंतर पाठवतो' म्हणाला, आणि संध्याकाळपासून फोन बंद.

पुढच्या रविवारी आईंनी मान तशीच मागे टाकली. दोन मिनिटांत गरगरायला लागलं. उठताना स्टूल ओल्या फरशीवर सरकलं, कारण त्याच्या पायांना रबर नव्हतं. मी बाजूलाच होते म्हणून पडल्या नाहीत. शाम्पूने डोळे चुरचुरले आणि दोन दिवस टाळूला खाज सुटली. मग बाटली नीट पाहिली: घटक नाहीत, बॅच नंबर नाही, मुदत नाही, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ताही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची, तर कोणाचं नाव सांगणार?

फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते घमेलं बघताच बाजूला ठेवायला सांगितलं. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांतही उतरू शकतो आणि तिथला सांधा सैल होतो. शिवाय वयस्कर माणसाची मान बराच वेळ मागे वळलेली राहिली, तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. चक्कर आली, हातांना मुंग्या आल्या किंवा बोलणं अडखळलं, तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आईंचं गरगरणं मी तोवर 'उपाशीपोटी न्हाल्या' यावर ढकलून मोकळी झाले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता आमच्याकडे न्हाणं असं होतं. सकाळी उठल्याबरोबर सांधे आखडलेले असतात, म्हणून चहा-नाश्ता होऊन अकराच्या सुमाराला. न्हाणीत हात असलेली जड खुर्ची, खाली रबरी चटई, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. आई मागे नाही, किंचित पुढे झुकतात आणि कपाळावर घडी केलेला पंचा धरतात, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं राहतं. डोकं हाताकडे येतं, हात डोक्याकडे वर जात नाही. ही एवढीच गोष्ट त्या माणसाच्या संचात नव्हती.

शाम्पू साधा, बिनवासाचा, लेबल पूर्ण असलेला. एक चमचा शाम्पू पेलाभर पाण्यात कालवून निमुळत्या तोंडाच्या मऊ बाटलीत भरते. तो टाळूवर भांगाभांगाने सोडला, की बोटांनी घासून फेस काढावा लागत नाही. जाड मुठीचा सिलिकॉनचा ब्रश आई डाव्या हाताने हळूहळू फिरवतात. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे. भरलेला तांबा आईंना पेलवत नाही, म्हणून लहान मग अर्धाच भरून देते. तेलही आदल्या रात्री तळहातावर पुरेल एवढंच. जास्त चोपडलं तर दोनदा धुवावं लागतं, आणि दुसऱ्या खेपेला खांदा बोलतो.

केस पुसताना पिळायचे नाहीत, पंचा दाबून पाणी टिपायचं. आईंनी केस स्वतःहून कमरेपासून खांद्यापर्यंत आणले. कापताना म्हणाल्या, "होते तवा मिरवलंय." ते घमेलं आता अंगणात कोंबड्यांना पाणी द्यायला आहे. स्टूल मात्र मी तोडून टाकलं, कोणी चुकून त्यावर बसू नये म्हणून.