एका लिटरमागे सहा लिटर मोरीत: आरओ यंत्राच्या अकरा महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावातील वडगाव भागात आमचे घर आहे. महानगरपालिकेचे नळाचे पाणी रोज येत नसल्यामुळे मधले दिवस आम्ही बोअरच्या पाण्यावर काढतो आणि या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ६२० भरतो. नळाचे पाणी मात्र गोडे असून माझ्या मीटरवर ते ११०च्या आसपास दाखवते, त्यामुळे आरओची गरज आम्हाला खरे तर बोअरच्याच पाण्यासाठी पडते. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही भिंतीवर टांगायचे साधे यंत्र घेतले. त्यात क्षार अडवणारा ८० जीपीडीचा, म्हणजे दिवसाला ८० गॅलन क्षमतेचा मेंब्रेन आणि पाण्याचा दाब वाढवणारा, आतच बसवलेला बूस्टर पंप आहे. पाण्याच्या चवीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हा अनुभव लिहिण्याचे कारण मोरीत जाणारे पाणी हे आहे.

पहिले सहा महिने मी त्या पाण्याकडे लक्षच दिले नाही. सहाव्या महिन्यात सर्व्हिस झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनींनी विचारले, "भावोजी, हे यंत्र पाणी शुद्ध करायला आणलंय की मोरी भरायला?" रिजेक्टच्या, म्हणजे यंत्राने टाकून दिलेल्या पाण्याच्या नळीखाली ठेवलेली बादली त्यांना दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागत होती. बाहेरचा टेक्निशियन बोलावला, तेव्हा त्याने यंत्र न उघडताच मेंब्रेन गेल्याचे सांगितले. मेंब्रेनचा खर्च मोठा असल्यामुळे होकार देण्याआधी स्वतः मोजून पाहायचे मी ठरवले.

मोजणी सोपी आहे, फक्त यंत्राची टाकी भरलेली नसताना ती करावी लागते. यंत्र पाच मिनिटे चालू दिले, टाकीत जाणारी शुद्ध पाण्याची नळी आणि रिजेक्टची नळी अशा दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मापांत सोडल्या आणि मोबाइलवर बरोबर एक मिनिट लावले. शुद्ध पाणी १६० मिलिलिटर आले आणि रिजेक्ट ९६० मिलिलिटर आले. म्हणजे एका लिटरमागे सहा लिटर पाणी वाया जात होते. पाच माणसांच्या घरात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज वीस लिटर लागतात, त्या हिशेबाने १२० लिटर मोरीत जात होते. टीडीएस मीटरनेही हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सांगितली. रिजेक्टचा टीडीएस ७१० होता, म्हणजे आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम नव्वदने जास्त. रिजेक्ट पाणी मूळ पाण्याच्या इतके जवळ असेल, तर ते मेंब्रेनवरून नुसते धावून जात आहे असे समजावे.

शुद्ध पाण्याचा टीडीएस ६० होता. म्हणजे मेंब्रेन ९० टक्के क्षार अडवत होता आणि गेलेला मेंब्रेन एवढे काम करत नाही. मग मी रिजेक्टची नळी काही सेकंद बोटांनी अर्धवट दाबून पाहिली. त्याबरोबर शुद्ध पाण्याची धार लगेच वाढली, तेव्हा पंप आणि मेंब्रेन दोन्ही ठीक असून दाब धरून ठेवणारा भागच ढिला आहे हे कळले. नळी दाबूनही धार वाढली नसती, तर संशय पंपावर, तुंबलेल्या आधीच्या फिल्टरांवर किंवा मेंब्रेनवर जायला हवा होता. ही चाचणी काही सेकंदांचीच असावी. नळी पूर्ण बंद करून ठेवू नये.

दाब धरणारा हा भाग म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, ज्याला दुकानात 'एफआर' म्हणतात. तो बोटाएवढा पांढरा नळीसारखा तुकडा असून त्याच्या आत अतिशय बारीक वाट असते. मेंब्रेनच्या हाउसिंगला ज्या टोकाला दोन तोंडे असतात, त्यांपैकी मधल्या तोंडातून शुद्ध पाणी निघते आणि कडेच्या तोंडातून रिजेक्ट. या कडेच्या नळीवरच एफआर बसवलेला असतो. त्याच्यावर मिनिटाला किती मिलिलिटर पाणी सोडायचे तो आकडा आणि प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो. आमच्या एफआरवर १००० हा आकडा होता. तो मोठ्या यंत्रासाठीचा होता आणि सहाव्या महिन्याच्या सर्व्हिसमध्ये पिशवीत हाताला लागला तो बसवला गेला असावा. वाट मोठी झाल्यामुळे मेंब्रेनवरचा दाब पडला, म्हणून शुद्ध पाणीही कमी येऊ लागले आणि टाकी भरायला वेळ लागल्यामुळे पंप जास्त चालू लागला.

शंभर रुपयांच्या आत ४५०चा एफआर मिळाला. प्लग काढला, पाण्याचा कॉक बंद केला, नळ उघडून दाब मोकळा केला, फिटिंगची कडी आत दाबून जुना तुकडा ओढून काढला आणि बाण मोरीच्या दिशेला येईल असा नवा बसवला. पुन्हा मोजले तेव्हा शुद्ध पाणी २१० आणि रिजेक्ट ४४० मिलिलिटर आले. शुद्ध पाण्याचा टीडीएस ४५वर उतरला आणि रिजेक्टचा ८९०वर चढला. रोजचे १२० लिटर आता ४२वर आले आहेत.

इथे अनेकांना मोह होतो, तो मलाही झाला होता: मग ३००चा एफआर लावून आणखी पाणी का वाचवू नये? आमचे बोअरचे पाणी जड आहे, चहाच्या पातेल्यावर पांढरा थर धरतो. रिजेक्ट जितके कमी, तितके त्यातले क्षार घट्ट होतात आणि हाच थर मेंब्रेनवर बसू लागतो. मागच्या गल्लीतील एका घरी ३००चा लावला होता आणि पाच महिन्यांत त्यांची शुद्ध पाण्याची धार निम्म्यावर आली. म्हणून मी ४५०वरच थांबलो आहे आणि दर महिन्याला दोन्ही धारा मोजून वहीत लिहितो. शुद्ध पाणी तेवढेच राहून रिजेक्ट हळूहळू कमी होऊ लागले, तर आनंद मानण्यापेक्षा एफआर क्षाराने तुंबत आहे असे समजून तो बदलावा.

एक वेगळा बिघाड याच्याशी मिसळू नये. टाकी भरून पंप थांबल्यावरही रिजेक्ट वाहत राहिले, तर दोष एफआरचा नसून बहुधा पंप थांबताच पाणी बंद करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचा असतो.

उरलेल्या ४२ लिटरांसाठी वीस-वीस लिटरचे दोन कॅन ठेवले आहेत आणि दुसऱ्याला वरच्या कडेला भोक पाडून जादा पाणी मोरीत सोडले आहे. नळीचे टोक कॅनच्या तळाशी बुडवून न ठेवता तोंडापाशी मोकळे लटकवले आहे. संडासात ओतणे, फरशी पुसणे आणि अंगण धुणे यांत ते रोज संपते. भांडी धुवायला ते फारसे कामाचे नाही, कारण स्टीलवर पांढरे ठिपके राहतात. कपड्यांना साबणाचा फेस कमी येतो. नारळाला आणि कर्दळीला मी ते आलटून पालटून साध्या पाण्याबरोबर घालतो. तुळशीच्या कुंडीत मात्र सलग महिनाभर घातले, तेव्हा पानांच्या कडा करपल्या. कुंडीत माती थोडी असते आणि उन्हाळ्यात क्षार धुऊन जायला पाऊसही नसतो.

शेजारच्या अण्णांनी हे पाणी छोट्या मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवले होते. तीच टाकी त्यांच्या आरओला पाणी देत असल्यामुळे क्षार फिरून फिरून आत येत राहिले. त्यांनी माझा मीटर नेऊन पाहिले, तेव्हा टाकीतले पाणी ९४० दाखवत होते. त्यांनी ती मोटर आता संडासाच्या टाकीला जोडली आहे.