पुराची पिशवी: पावसाळा सरल्यावरचा अनुभव

आमचं गाव दूधगंगेच्या काठचं, चिक्कोडी तालुक्यातलं. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर घर सोडायची वेळ आली तर काय उचलायचं, हा प्रश्न आम्हाला नवा नाही. यंदा मिरगाच्या आधी पिशवी नीट भरली आणि दिवाळीनंतरही ती वापरात आहे.

पाठीवर घ्यायची सॅक घेतली, कारण एक हात सासूबाईंना धरायला मोकळा लागतो. कागदपत्रं आणि उताऱ्याच्या झेरॉक्स जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, चिक्की, पाण्याच्या दोन बाटल्या, सुटे पैसे. हे सगळं एकदा भरलं की झालं. खरं काम औषधांचं.

सासूबाईंची बीपीची गोळी रोजची. पिशवीत दोन आठवड्यांच्या गोळ्या असतात. दर महिन्याला नवी पाकिटं आणली की ती पिशवीत जातात आणि पिशवीतली रोजच्या डब्यात येतात. त्यामुळे पिशवीतली गोळी कधी जुनी होतच नाही. मध्यंतरी डॉक्टरांनी डोस बदलला, तेव्हा पिशवीतल्या गोळ्याही त्याच दिवशी बदलल्या. तारीख बरोबर असूनही जुन्या डोसची गोळी पुरात उपयोगाची नाही. पाकीट कापताना तारखेचा कोपरा शेवटपर्यंत ठेवा. फक्त महिना छापला असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते. इन्सुलिन मात्र पिशवीत भरून ठेवायचं नाही. ते फ्रिजमध्येच राहू द्या आणि निघताना घ्यायच्या वस्तूंची चिठ्ठी सॅकला बांधा.

सॅक सोप्यातल्या खुंटीवर असते. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात इतकं तापतं की तारीख संपण्याआधीच औषधं बिघडतात आणि चिक्की खवट होते. चिक्की खाऊन संपवायची आणि दर दोन महिन्यांनी नवी भरायची, हे आमच्या पोरांना फारच आवडलंय.

मोठी तपासणी वर्षातून दोनदा होते, मे अखेरीस आणि दिवाळीच्या सफाईत. ओआरएसची पुडी बोटांनी चाचपायची. गठ्ठा झाला असेल किंवा पुडी फुगली असेल तर टाकून द्यायची. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवायचे. आत राहिले की पांढरी बुकटी येऊन कळ खराब होते. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी पूर्ण चार्ज करतो.

क्लोरीनच्या गोळ्यांबद्दल एक सांगते. पुराचं गढूळ पाणी आधी निवळू द्या, मग जाड फडक्यातून गाळा, मगच गोळी टाका. प्रमाण पाकिटावर असतं, ते गोळीनुसार बदलतं. अर्धा तास थांबा. क्लोरीनचा वास हलकासा तरी यायला हवा, अजिबात नसेल तर पाणी पिऊ नका.